अभिप्रायवहीतील उत्तर

दुकानात टांगलेली अभिप्रायवही ही मोठी विलक्षण वस्तू असते. तिच्यात लिहिणाऱ्याचे समाधान एका ओळीत संपते; परंतु त्याचा राग मात्र अर्धे पान व्यापतो. आणि एकदा का ते अर्धे पान लिहिले गेले, की ते केवळ लिहिणाऱ्याचे आणि दुकानदाराचे उरत नाही. पाळी येईपर्यंत उभा असलेला प्रत्येक गिऱ्हाईक वही चाळतो, रागाचे पान दोनदा वाचतो आणि त्याखाली दुकानदाराने काय लिहिले आहे, हे मुद्दाम पाहतो. खाली काहीच नसेल तर त्याला जे समजायचे ते समजते.

चिपळुणातील एका लहानशा बेकरीच्या वहीत जूनच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, असे एक पान लिहिले गेले. लिहिणाऱ्या बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. अक्षर वळणदार, ओळी सरळ आणि मजकूर मोजका होता. ‘‘मंगळवारी सायंकाळी येथून नेलेला गव्हाचा पाव आज सकाळी कापला. बाहेरून तो चांगला दिसत होता. आतून मात्र चिकट व पिवळट झाला होता आणि त्याला अति पिकलेल्या फळासारखा वास येत होता. गेली पंधरा वर्षे मी येथून पाव नेत आहे. शिळा माल ताजा म्हणून विकण्याची पाळी या दुकानावर यावी, याचे वाईट वाटते.’’

बेकरीच्या मालकांनी हे पान वाचले तेव्हा त्यांच्या मनाला जो शब्द लागला, तो ‘शिळा’ हा होता. पाव कमी भाजला, मीठ अधिक पडले, कड करपली, असे कोणी म्हटले असते तर त्यांनी ते हसून मान्य केले असते. परंतु शिळा पाव ताजा म्हणून विकला, हा आरोप त्यांच्या हाताच्या कसबावर नव्हता. तो त्यांच्या सचोटीवर होता. त्यांनी रोजनाम्याची वही काढली. मंगळवारी पहाटे गव्हाच्या पावांचा एकच घाणा निघाला होता. चोवीस पाव, त्यांपैकी एकोणीस रात्रीपर्यंत विकले गेले, पाच उरले. म्हणजे बाईंनी नेलेला पाव त्याच दिवशी भाजलेला होता, याविषयी तिळमात्र शंका नव्हती.

त्यांचा मुलगा नुकताच धंद्यात लक्ष घालू लागला होता. तो म्हणाला, ‘‘बाबा, मग उत्तर सोपे आहे. पाव त्याच दिवसाचा होता, हे वहीत तारखेसकट लिहू. बाईंनीच तो दमट हवेत बंद डब्यात दोन दिवस ठेवला असणार.’’

यात एकही वाक्य खोटे नव्हते. पाव त्याच दिवसाचा होता. हवा दमट होती. आणि चौकशी केली असती तर बाईंनी पाव डब्यात ठेवला होता, हेही खरे निघाले असते. तरीसुद्धा मालकांनी मुलाला थांबविले. ते म्हणाले, ‘‘अरे, शिळा पाव कसा होतो? तो कडक होतो, कोरडा पडतो, बोटांखाली त्याचा भुगा होतो. बाई तर चिकट झाला म्हणतात. शिळेपणाची आणि चिकटपणाची खूण एक नव्हे. त्यांनी दिलेले नाव चुकले असेल. पण त्यांनी पाहिलेले चुकलेले नाही. आधी उरलेले पाव आण.’’

उरलेल्या पाच पावांपैकी पहिला कापला, तेव्हा विशेष काही दिसले नाही. दुसरा कापताच मात्र सुरीला गाभा चिकटला. मधोमध रुपयाएवढा पिवळट तपकिरी डाग होता आणि खरबूज अति पिकले म्हणजे जो गोडसर, किंचित मळमळ आणणारा वास सुटतो, तसा वास येत होता. मालकांनी पावाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबले आणि हळूच ओढले. दोहोंच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, चकाकते तंतू ताणले गेले. मुलगा पाहतच राहिला. बाहेरचे कवच मात्र अजूनही तांबूस आणि निर्दोष होते.

पावाचा हा विकार पाव भाजणाऱ्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. गाभ्याला अशी तार सुटते, हीच त्याची मुख्य खूण. त्याला कारण होणारे सूक्ष्म जंतू, ज्यांत ‘बॅसिलस सबटिलिस’ हा प्रमुख होय, मातीत सर्वत्र असतात आणि तेथून गव्हाच्या दाण्याला चिकटून पिठात येतात. परिस्थिती प्रतिकूल झाली, की हे जंतू स्वतःभोवती एक कणखर आवरण तयार करून बीजरूपाने निपचित पडून राहतात. ही बीजे फार चिवट असतात. भट्टीतील हवा दोनशे अंश सेल्सियसपर्यंत तापलेली असली, तरी पावाच्या गाभ्यात पाणी असते. आणि जोवर ते पाणी आहे तोवर गाभा शंभर अंशांच्या पुढे तापत नाही. एवढ्या उष्णतेत बुरशी मरते, खमीर मरते. परंतु ही बीजे तगून राहतात. म्हणूनच बुरशी पावाला बाहेरून लागते, तर हा विकार आतून उद्भवतो. पाव निवू लागला आणि भोवतालची हवा उबदार व दमट असली, की बीजे पुन्हा जागी होतात, गाभ्यातील पिष्ट आणि प्रथिने तोडू लागतात आणि दीड-दोन दिवसांत गाभ्याचा चिकट लगदा करून टाकतात.

हे समजल्यावर मालकांना वाटले, त्यापेक्षा उत्तर अधिक कठीण झाले. ‘पाव शिळा होता’ असे मान्य करणे म्हणजे खोटे बोलणे होते. ‘पाव ताजा होता’ एवढेच सांगणे म्हणजे खरे बोलूनही फसविणे होते; कारण ताजा असूनही तो पाव खाण्याजोगा नव्हता, आणि बाईंची मूळ तक्रार तीच होती. आरोपातील एक शब्द चुकला म्हणून सारा आरोप झटकून टाकण्याचा मोह अशा वेळी फार बळावतो. परंतु ज्याच्या ताटातील घास वाया गेला, त्याने कारण अचूक ओळखावे, ही अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे. काय बिघडले हे गिऱ्हाइकाने सांगावे. का बिघडले हे शोधण्याचे काम भट्टीपाशी उभे राहणाऱ्याचे.

तो शोध पुरा होण्यास दोन दिवस लागणार होते. तोवर वहीचे पान कोरे ठेवणे त्यांना बरे वाटेना. त्यांनी त्याच दुपारी बाईंच्या मजकुराखाली चार ओळी लिहिल्या : ‘‘आपली तक्रार वाचली. उरलेले पाव कापून पाहिले. आपण लिहिले आहे ते खरे आहे. कारण शोधत आहोत. तोवर गव्हाच्या पावाची विक्री बंद ठेवली आहे. शनिवारी सायंकाळपर्यंत याच पानावर सविस्तर लिहू.’’ मुलाला ही घाई वाटली. मात्र त्या चार ओळींत एकही गोष्ट अशी नव्हती, जी पुढे मागे घ्यावी लागली असती. जे पाहिले तेवढेच सांगितले होते, आणि जे ठाऊक नव्हते त्याला मुदत घातली होती.

मग शोध सुरू झाला. मंगळवारच्या कामाची आठवण कारागिरांना विचारली. त्या दिवशी लग्नघरची मोठी मागणी होती आणि सकाळीच पावसाची सर आली. एरवी पाव जाळीवर मांडून दोन-अडीच तास निवू देत आणि मगच पिशवीत भरत. त्या दिवशी जागा हवी म्हणून ते पाऊण तासातच भरले गेले. हाताला कवच कोमट लागत होते. पण गाभा अजून चांगलाच ऊन होता. ही ऊब आणि तिच्यातून सुटलेली वाफ पिशवीत कोंडली गेली. जंतूंना याहून सुखाचे घर मिळणे कठीण.

येथे शोध थांबविणे सोयीचे होते. एका दिवसाची घाई, एका घाण्याचा दोष, प्रकरण मिटले! तथापि मालकांनी बुधवारच्या घाण्याचे पावही तपासायचे ठरविले. ते पाव रीतसर निवल्यानंतर पिशवीत गेले होते. त्यांपैकी दोन त्यांनी ओल्या फडक्यासह झाकणाच्या डब्यात घातले आणि तो डबा भट्टीवरच्या उबदार फळीवर ठेवला. घरच्या डब्यात जे सावकाश घडले असते, ते येथे लवकर घडून यावे, हा त्यात हेतू. शनिवारी सकाळी डबा उघडला. तार सुटत नव्हती, डागही नव्हता. पण पाव नाकाशी नेताच तोच गोडसर वास मंदपणे जाणवला.

एवढ्या एका वासाने सारे स्पष्ट केले. पिशवीची घाई हे बिघाड वाढविणारे कारण होते. मूळ मात्र पिठात आणि पीठ मळण्याच्या जुन्या लाकडी काठवटीत होते. गेल्या दोन महिन्यांपासून, काही गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून, त्यांनी मैद्याबरोबरच सबंध गव्हाच्या पिठाचा पाव काढण्यास आरंभ केला होता. दाण्याचे बाहेरचे आवरण मैद्यातून निघून जाते, सबंध पिठात ते राहते. आणि जंतूंची बीजे मुख्यतः त्या आवरणावरच असतात. शिवाय त्यांचे नेहमीचे मैद्याचे लादीपाव लहान असल्याने लवकर निवत आणि त्याच दिवशी खाल्ले जात. गव्हाचा मोठा पाव मात्र लोक घरी दोन-तीन दिवस पुरवून खात. जुन्या पावाला पुरलेली सावधगिरी नव्या पावाला पुरली नव्हती.

मुलाने विचारले, ‘‘मग दोष पिठाच्या व्यापाऱ्याचा म्हणायचा का?’’ मालक म्हणाले, ‘‘माती लागली नाही असा गहू कोणत्या शेतात पिकतो? बीज थोडेबहुत सगळ्याच पिठात असते. ते वाढू न देणे, हे आपले काम.’’

शनिवारी सायंकाळी त्यांनी वहीत पुढील उत्तर लिहिले :

‘‘आदरणीय बाईंस सादर नमस्कार. मंगळवारी आपण नेलेला पाव खाण्यास अयोग्य निघाला, ही गोष्ट खरी आहे आणि तिचा दोष आमच्याकडे आहे. त्याबद्दल आम्ही आपली मनःपूर्वक क्षमा मागतो. तो पाव त्याच पहाटे भाजलेला होता. हे आम्ही बचावासाठी सांगत नाही; पाव ताजा असूनही दोन दिवसांत आतून बिघडावा, ही आमच्या दृष्टीने अधिक काळजीची गोष्ट आहे, म्हणून सांगतो. गव्हाच्या पिठातून येणारे एक प्रकारचे जंतू भाजण्याने पुरते मरत नाहीत. मंगळवारी आमच्याकडून पाव पुरेसा न निवता पिशवीत भरला गेला, त्यामुळे ते झपाट्याने वाढले. बुधवारच्या पावातही त्यांची थोडी खूण आम्हांस आढळली आहे.

‘‘त्या पावाचा काही भाग घरी शिल्लक असल्यास कृपया खाऊ नये, त्याने पोट बिघडण्याचा संभव आहे. गुराढोरांना न घालता तो बांधून टाकून द्यावा. पावाचा डबा व सुरी गरम पाण्याने धुऊन, व्हिनेगरने पुसून कोरडी करावी. अन्यथा तेथे राहिलेली बीजे पुढच्या पावाला लागू शकतात. मंगळवारी व बुधवारी गव्हाचा पाव नेलेल्या सर्वांना आम्ही पैसे परत करीत आहोत. पावती नसली तरी चालेल. आपले पैसे आपल्या घरी पोहोचविले जातील.

‘‘यापुढे गव्हाचा पाव दोन-अडीच तास उघड्यावर निवल्याखेरीज पिशवीत भरला जाणार नाही, मग त्या दिवशी कितीही मागणी असो. जुनी काठवट काढून टाकली आहे. परातीं, फळ्या व जाळ्या गरम पाण्याने आणि नंतर व्हिनेगरने धुतल्या आहेत. पावसाळा संपेपर्यंत दहा किलो पिठामागे सुमारे तीनशे मिलिलिटर साधे व्हिनेगर पिठात घालून तेवढेच पाणी कमी करू. त्या आंबटपणात हे जंतू सहसा वाढत नाहीत. चवीत किंचित फरक जाणवल्यास त्याचे कारण हे आहे.

‘‘व्हिनेगरने बीजे मरत नाहीत, केवळ दबून राहतात, म्हणून पुन्हा असे कधीच घडणार नाही, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. मात्र प्रत्येक घाण्यातील एक पाव आम्ही दोन दिवस उबेत ठेवून कापून पाहू आणि त्याचा निकाल दुकानातील फळ्यावर लिहू. पुढील दोन घाणे विक्रीला न काढता केवळ तपासणीसाठी भाजणार आहोत. ते निर्दोष निघाल्यावरच विक्री पुन्हा सुरू होईल. त्या दिवशीचा पहिला पाव आपण आमच्याकडून स्वीकारावा, अशी विनंती आहे.’’

हे उत्तर लिहिण्यापूर्वी मालकांनी एक कच्चा मसुदा केला होता आणि त्यातील तीन वाक्ये खोडली होती. पहिले वाक्य होते, ‘आपली काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत.’ गैरसोय झालीच होती. तेथे ‘असल्यास’ या शब्दाला जागा नव्हती. दुसरे होते, ‘चाळीस वर्षांत अशी तक्रार कधी आली नाही.’ ते खरे होते; पण ज्यांचा पाव बिघडला त्यांना मागच्या चाळीस वर्षांचा काय उपयोग? तिसऱ्या वाक्यात पाव घाईने भरणाऱ्या कारागिराचे नाव होते. ते खोडून तेथे ‘आमच्याकडून’ हा एक शब्द घातला. मागणी घेणारे मालक होते, जागा अपुरी ठेवणारे मालक होते. मग नाव कारागिराचे कसे यावे?

या उत्तराची किंमतही त्यांना मोजावी लागली. दोन दिवसांच्या पावांचे पैसे परत गेले. ज्यांच्या पावाला काही झाले नव्हते तेही पैसे मागण्यास आले, आणि कबूल केल्याप्रमाणे कोणालाही पावती विचारली गेली नाही. आठवडाभर गव्हाचा पाव बंद राहिला. काही गिऱ्हाइकांनी ‘जंतू’ हा शब्द वाचून लादीपाव घेणेही थांबविले. मुलाच्या मनात येई, की इतके उघड लिहिले नसते तर बरे झाले असते. परंतु मंगळवारचे एकोणीस पाव एकोणीस घरांत गेले होते. तक्रार एकाच घरातून आली होती. उरलेल्या घरांपैकी कोणी पाव मुकाट्याने फेकला असेल, कोणी वासाकडे दुर्लक्ष करून मुलांच्या डब्यात घातला असेल. वहीतील उत्तर बाईंच्या नावे असले, तरी ते त्या न बोललेल्या घरांसाठीही होते.

दहा दिवसांनी बाई आल्या. त्यांनी उत्तर उभ्याउभ्याच सावकाश वाचले, चष्मा पुसला आणि लेखणी मागितली. त्यांनी लिहिले, ‘‘‘शिळा’ हा शब्द मी मागे घेते. तक्रार मागे घेत नाही. तिची आता गरजही उरलेली नाही. एक शंका आहे : पाव घरी कसा ठेवावा?’’

मालकांनी त्याखाली तेथेच उत्तर दिले : ‘‘दमट दिवसांत लागेल तेवढाच पाव न्यावा व दोन दिवसांत संपवावा. अधिक ठेवायचा झाल्यास फ्रिजमध्ये ठेवावा. तेथे तो लवकर कडक होईल, म्हणजे खऱ्या अर्थाने शिळा होईल. पण तव्यावर गरम करताच पुन्हा मऊ होईल. तार मात्र थंडीत सहसा सुटणार नाही.’’

फळ्यावर त्या दिवशी दोन ओळी होत्या. मागील घाण्याची तारीख, आणि तिच्यापुढे खडूने लिहिलेले : ‘कापून पाहिला. वास नाही, तार नाही.’ बाईंनी त्या ओळी वाचल्या आणि पाव पिशवीत घालण्यापूर्वी तळहाताने त्याच्या बुडाला स्पर्श करून तो पुरता निवला आहे ना, हे स्वतः पाहून घेतले. मालकांना त्याचे वाईट वाटले नाही. उलट त्यांनी मुलाकडे पाहून मान हलविली. कारण पाव कसा पारखावा, हे ज्याला ठाऊक आहे, असे गिऱ्हाईक त्यांना हवेच होते.